वसतिगृहातली कमाई : शिकवणी, शीट आणि मिनी ड्राफ्टर

आमच्या शाळेतून उर्दू माध्यमात दहावी होऊन मुली पॉलिटेक्निकला जाऊ लागल्या, तशा त्यांच्या अम्मी माझ्याकडे एक प्रश्न हमखास घेऊन येतात. "बाजी, फी तर माफ झाली, पण मेसचं काय?" फी माफीने कॉलेजचे दार उघडते, रोजची भाजी-पोळी त्यात बसत नाही. शिष्यवृत्ती येते, पण ती तिच्या वेळेने येते. मेसवाला मात्र दर महिन्याच्या दहा तारखेला वही उघडून बसतो.

माझ्या बहिणीची मुलगी पुण्यात डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दूल्हाभाई मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी रिक्षा चालवतात. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मेसची दोन बिले थकली आणि घरात बोलणे सुरू झाले, की पोरीला परत आणावे आणि गावातच काहीतरी करू द्यावे. तिने मला फोन केला. म्हणाली, "खाला, मी इथेच काही कमवलं तर चालेल का? बाहेर नोकरीला जाता येत नाही, आठला हजेरी असते. पण हॉस्टेलमध्ये ज्युनिअर मुली रोज गणित विचारायला येतातच. शिवाय सीनिअर काही ना काही विकतातही." माझे उत्तर होते, "चालेल, पण आधी रेक्टर मॅडमना विचार. मग बाकीचं बोलू." पुढच्या सहा महिन्यांचा हिशेब तिने एका वहीत ठेवला आणि दर रविवारी मला वाचून दाखवला. खाली लिहितेय ते बहुतेक सगळे त्या वहीतले आहे.

परवानगीची गोष्ट आधी, कारण मुली नेमकी तीच शेवटी ठेवतात. जवळजवळ प्रत्येक वसतिगृहाच्या नियमावलीत खोलीत व्यवसाय करू नये असे वाक्य असते. म्हणून काही मुली गुपचूप करतात आणि पकडल्या गेल्या की खोली जाते. भाचीने अर्धे पान अर्ज लिहिला. काय शिकवणार, कोणाला, कोणत्या वेळी, किती पैसे घेणार आणि ते कशासाठी हवेत, सगळे त्यात होते. मेसचे बिल थकले आहे हेही तिने लाजत का होईना, लिहिले. रेक्टर मॅडमनी दोन दिवसांनी बोलावून अटी सांगितल्या. शिकवणी खोलीत नाही, खालच्या स्टडी हॉलच्या कोपऱ्यात. फक्त हॉस्टेलच्या मुली, बाहेरची एकही नाही. भिंतीवर चिठ्ठी-जाहिरात नाही. पैसे देणाऱ्या मुलीच्या घरी एक फोन झालेला असावा. विकायचे तर अभ्यासाच्या वस्तू. खाण्याचे पदार्थ, सौंदर्यप्रसाधने, कपडे यांतले काही नाही.

भाची जरा हिरमुसली होती, कारण रात्री अकराला भूक लागलेल्या मुलींना नूडल्स आणि बिस्किटे विकण्यात नफा चांगला आहे हे तिने पाहिले होते. मला मात्र मॅडमचे म्हणणे पटले. पाकिटावरच्या छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेणे हा कायद्याने गुन्हा आहे. हॉस्टेलमध्ये नेमके तेच चालते. चौदाचे पाकीट रात्री वीसला जाते. दुसरे म्हणजे खाद्यपदार्थ विकायला अगदी लहान विक्रेत्यालाही अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते. आणि नूडल्स विकले की पाठोपाठ कुणीतरी खोलीत किटली लावतेच, जिला प्रत्येक हॉस्टेलात बंदी आहे. खोलीतल्या जोडीदारणीच्या झोपेचे तर विचारूच नका.

घरून वेगळाच आक्षेप आला. तिच्या दादीअम्मांना वाटले, इल्म विकायचे नसते. कुरआन शिकवण्याचा मोबदला घ्यावा की नाही यावर उलमांमध्ये जुनी चर्चा आहे, त्याचा धागा त्यांच्या मनात असावा. पण लॉगॅरिदम शिकवण्यासाठी तास देणे ही मजुरी आहे आणि ठरवून घेतलेली मजुरी हलाल आहे, एवढे त्यांना समजावून सांगितल्यावर त्या गप्प झाल्या. जाता जाता त्यांनी मलाच टोमणा मारला, "मग तू का नाही घेत ट्यूशन?" मला घेताच येत नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 28 प्रमाणे शाळेतल्या शिक्षकाने खासगी शिकवणी घ्यायची नसते. मावशीला जे मना, ते भाचीला मोकळे, असा हा प्रकार.

आता शिकवणीकडे येते. पहिल्या वर्षाला बेसिक मॅथेमॅटिक्स असतो. लॉगॅरिदम, मॅट्रिक्स, त्रिकोणमिती, सरळ रेषा. शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलींना बाहेर भरपूर क्लास आहेत. भाचीकडे आल्या त्या पाच जणी मात्र उर्दू किंवा मराठी माध्यमातल्या होत्या, आणि भाची त्यांच्या उपयोगाची होती ती याचसाठी, की दोन वर्षांपूर्वी ती स्वतः त्याच बाकावर अडखळत बसली होती. हुशारीत तिच्यापेक्षा सरस मुली त्या हॉस्टेलात होत्याच. पण 'मुरब्बा' म्हणजे वर्ग, 'वतर' म्हणजे कर्ण, 'मसावात' म्हणजे समीकरण, आणि पुस्तकात त्यांना स्क्वेअर, हायपोटेन्यूज, इक्वेशन म्हणतात, हे तिन्हीकडून माहीत असलेली ती एकटीच होती.

मी तिला एकच गोष्ट बजावली. पहिल्या दिवशी शिकवायला बसू नकोस, आधी दुखणे कुठे आहे ते बघ. त्याची रीत साधी आहे. एकच उदाहरण दोनदा द्यायचे, एकदा मुलीच्या शाळेच्या भाषेत आणि दोन दिवसांनी आकडे बदलून इंग्रजीत. दोन्हीकडे चुकले तर गणित कच्चे आहे, आठवी-नववीपर्यंत मागे जावे लागेल. शाळेच्या भाषेत बरोबर आणि इंग्रजीत चूक आली, तर गणित ठीक आहे, प्रश्न वाचता येत नाही. पाचांपैकी तिघी या दुसऱ्या प्रकारातल्या निघाल्या. त्या तिघी गेले महिनाभर "आम्हाला मॅथ्स जमतच नाही" म्हणून रडत होत्या.

एकीची वही भाचीने मला फोटो काढून पाठवली होती. प्रश्न असा होता, की (2, 3) या बिंदूतून जाणारी आणि 3x − 4y + 5 = 0 या रेषेला पर्पेंडिक्युलर असलेली रेषा काढा. मुलीचे उत्तर 3x − 4y + 6 = 0. कॉलेजात नुसती लाल फुली पडली होती. पण नीट पाहिले तर त्या उत्तरात आकडेमोडीची एकही चूक नाही. दिलेल्या रेषेचा चढ तिने 3/4 असा बरोबर काढला, बिंदू बरोबर घातला, समीकरण बरोबर मांडले. ते (2, 3) मधून जाणाऱ्या पॅरलल रेषेचे अगदी अचूक उत्तर आहे! इंग्रजीतले दोन्ही शब्द 'प'ने सुरू होणारे आणि लांबलचक, तिने एकाच्या जागी दुसरा धरला. भाचीने तिला विचारले, "पॅरलल म्हणजे मुतवाज़ी. मग अमूद कशाला म्हणायचं?" मुलीने एक क्षण थांबून चढ उलटा केला, चिन्ह बदलले, −4/3 घेतले आणि 4x + 3y − 17 = 0 हे उत्तर काढून दाखवले. दोन मिनिटांचे काम. तीच मुलगी बाहेरच्या क्लासला गेली असती तर तिला सरळ रेषेचा अख्खा धडा पुन्हा शिकवला गेला असता आणि तो शब्द तसाच राहिला असता.

म्हणून पहिले दोन आठवडे उदाहरणे कमी आणि शब्दांची वही जास्त. एका पानावर तीन रकाने, उर्दू, मराठी, इंग्रजी. शब्द मुलीने स्वतः लिहायचा आणि शेजारी एक आकृती काढायची. शोधा, सिद्ध करा, सोपे रूप द्या, किंमत काढा, या आज्ञांचे इंग्रजी शब्दसुद्धा त्यात घ्यायचे, कारण नेमके काय करायचे आहे तेच कळत नाही, अशी निम्मी अडचण असते. ही वही शिकवणीच्या फीत धरलेली होती, वेगळे पैसे नाहीत.

वेळ ठरला मगरिब ते इशाच्या दरम्यान. आठवड्यातून तीन दिवस, एक तास. नमाज झाली की स्टडी हॉल, आणि आठच्या हजेरीला सगळ्या आपापल्या मजल्यावर. दर महिना प्रत्येकी चारशे रुपये, तेही महिना सुरू होण्याआधी. आगाऊ घेण्यामागे कारण होते. महिना संपल्यावर मागायला गेले की मैत्रिणीकडे पैसे मागितल्यासारखे होते, आणि हॉस्टेलात मैत्रीण तर समोरच्याच खोलीत राहते. रेक्टर मॅडमना भीती असते ती याच भांडणांची. पैसे मिळाले की वहीत तारीख, रक्कम आणि देणारीची सही. मुलगी आजारी पडली किंवा घरी गेली तर तो तास रविवारी भरून द्यायचा. भाची स्वतः चुकली तर त्या तासाचे पैसे पुढच्या महिन्यात कमी.

पाचवी मुलगी बिनपैशाची होती. तिचे अब्बा हयात नाहीत. भाचीने मला विचारले, की हे जकातीत धरता येईल का. नाही येत. जकात म्हणजे माल दुसऱ्याच्या मालकीचा करून देणे, तास शिकवणे हे नेकीचे काम आहे, पण जकात नाही. तसेही तिच्यावर जकात फर्ज होण्याएवढे तिच्याजवळ होतेच काय? पण प्रश्न विचारला हे मला आवडले. त्या मुलीचे नाव फीच्या वहीत इतरांसारखेच लिहिले जाई, म्हणजे सही करताना कोणाला फरक कळू नये. फक्त रकमेची वही भाची हाताखाली झाकून धरे.

चार मुलींचे चारशे म्हणजे महिन्याला सोळाशे. ऐकायला बरे वाटते, पण त्यामागचे तास मोजायला मी लावले. बारा तास शिकवणे आणि प्रत्येक तासामागे अर्धा तास तयारी, असे अठरा तास. म्हणजे तासाला नव्वद रुपयेसुद्धा नाही. मेसचे बिल एकोणतीसशे. त्यातला अर्ध्याहून थोडा जास्त वाटा शिकवणीने उचलला, उरलेले तेराशे दूल्हाभाईंनी पाठवले. आधी एकोणतीसशे पाठवायचे, आता तेराशे. घरातले परत आणण्याचे बोलणे या फरकानेच थांबले. बाकी कोणी कोणाला समजावले वगैरे नाही.

आणखी मुली घे, असे तिला बऱ्याच जणींनी सांगितले. आठ-दहा सहज मिळाल्या असत्या. मी पाचवरच थांबवले. पाचांच्या वह्या एका तासात तपासता येतात, दहांच्या नाहीत, मग ते फळ्यावरचे भाषण होते आणि तसे भाषण कॉलेजात फुकट मिळतेच. शिवाय हिचे स्वतःचे शेवटचे वर्ष, प्रोजेक्ट डोक्यावर. आम्ही एक खूण ठरवून ठेवली होती. तिचे स्वतःचे एक जरी सबमिशन उशिरा गेले, तर शिकवणी एक दिवसाने कमी करायची. ऑक्टोबरात एकदा तसे झाले आणि तीनाचे दोन दिवस झाले. फीसुद्धा त्या प्रमाणात उतरवली. परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस शिकवणी पूर्ण बंद होती, म्हणून नोव्हेंबरची फी निम्मीच घेतली.

यापेक्षा सोपा पैसा जवळच होता आणि तो मोहाचा होता. प्रत्येक प्रात्यक्षिकाचे जर्नल हाताने लिहायचे असते. सबमिशनच्या आठवड्यात एक पूर्ण जर्नल लिहून देण्याचे तीनशे रुपये मिळतात. हॉस्टेलात हे राजरोस चालते. रात्री बसले तर पाच तासांत एक होते, म्हणजे तासाला साठ, शिकवणीपेक्षा कमीच, पण एकरकमी आणि तयारीची गरज नाही. मेसच्या बिलाला तीनशे कमी पडत असताना एकीने जर्नल पुढे केले. भाचीने फोन करून विचारले, "खाला, अक्षरच तर विकायचंय, त्यात काय?" मी म्हटले, "जर्नलवर सही कोणाची होणार? आणि हे काम तू स्वतः केलंस असं समजून गुण कोणाला मिळणार?" सर जे पाहून गुण देतात ते खोटे असेल, तर ते खोटे लिहिण्याची मजुरीही त्याच खोट्यातली. शिवाय अक्षर ओळखले गेले तर दोघींचे जर्नल रद्द होते, वर परवानगी देणाऱ्या रेक्टर मॅडम तोंडघशी पडतात. तिने त्या मुलीला सांगितले, जर्नल मी लिहिणार नाही, पण प्रयोग आणि आकडेमोड समजावून देते, तू लिही, शंभर रुपये. मुलगी दुसरीकडे गेली. ते तीनशे रुपये दूल्हाभाईंनीच जादा पाठवले. सगळे गणित जुळतेच असे नाही.

आता वस्तू विकण्याचे. यात नफा किती कमी आणि शिकण्यासारखे किती जास्त, हे त्या वहीतून मलाही नवीन कळले. पहिल्या वर्षाच्या मुलींना ड्रॉइंगच्या शीट लागतात. कॉलेजजवळच्या दुकानात एक शीट दहा रुपयांना. अप्पा बळवंत चौकात शंभर एकदम घेतल्या तर सहाला पडत होत्या. भाचीने शंभर घेतल्या, सहाशे रुपये आणि बसचे जाऊन-येऊन चाळीस. आठ रुपयांना विकायच्या, म्हणजे मुलींचे दोन वाचतात आणि हिला दोन मिळतात. कागदावर फायदा एकशे साठ. प्रत्यक्षात बसच्या गर्दीत सहा शीट दुमडल्या. दुमडलेल्या शीटवर रेषा सरळ येत नाही, त्या विकण्यासारख्या नव्हत्याच. उरलेल्या चौऱ्याण्णवांपैकी पंच्याऐंशी रोख गेल्या, नऊ उधार. उधारीचे बहात्तर रुपये आजतागायत आलेले नाहीत. पंच्याऐंशी शीटचे सहाशे ऐंशी आले, सहाशे चाळीस गेले होते. हातात उरले चाळीस रुपये. त्यात पावसाळा, कॉटखाली ठेवलेल्या शीट दमटपणाने कडेला लाटेसारख्या झाल्या म्हणून रोज पुठ्ठ्याखाली दाबून ठेवायच्या, ते वेगळेच.

दुसऱ्या महिन्यात तिने पद्धत बदलली. शनिवारी यादी आणि पैसे गोळा करायचे, रविवारी बाजारातून आणून द्यायचे, दुकानाच्या बिलाप्रमाणे हिशेब, आणि आणण्याची मजुरी प्रत्येकी दहा रुपये. पहिल्याच खेपेला चौदा मुलींनी यादी दिली. एकशे चाळीस मिळाले, चाळीस बसचे गेले, शंभर रुपये हातात राहिले. माल पडून राहिला नाही, उधारी नाही, दुमडण्याची भीती थोडी. शीटच्या धंद्यापेक्षा अडीचपट, आणि भांडवल शून्य.

पण इथे एक बारीक मुद्दा आला, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात वाचकांनी जपून लक्षात घ्यावा असा तोच आहे. दुसऱ्या खेपेला यादी मोठी झाली. बाराशे साठ रुपयांचे बिल पाहून दुकानदाराने तिला दहा टक्के सूट दिली, एकशे सव्वीस रुपये. हे पैसे कोणाचे? भाचीचे म्हणणे, सूट मला मिळाली, घासाघीस मी केली. फिकहच्या दृष्टीने पाहिले तर या खेपेला ती विक्रेती नव्हतीच. ती त्या मुलींची वकील होती, म्हणजे त्यांच्या वतीने त्यांच्याच पैशाने खरेदी करणारी. वकिलाला ठरलेली मजुरी मिळते. माल ज्या भावाने मिळाला तोच भाव त्याने मालकाला सांगायचा असतो, सूट मालकाची. याउलट पहिल्या महिन्यातल्या शीट तिने स्वतःच्या पैशाने घेतल्या, त्या दुमडल्या तर नुकसान तिचे होते, म्हणून त्यावर ती आपल्या मर्जीने नफा घेऊ शकत होती आणि खरेदीचा भाव सांगायलाही ती बांधलेली नव्हती. दोन्ही मार्ग हलाल आहेत. गडबड होते ती दोन्ही मिसळल्यावर. मुलींचे पैसे आगाऊ घ्यायचे, जोखीम त्यांचीच ठेवायची, आणि नव्वदला मिळालेली वस्तू शंभरला मिळाली असे सांगायचे, हा सरळ धोका आहे. आणि जी वस्तू अजून हातात नाही ती आपली म्हणून विकून टाकणे, यापासून तर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्पष्ट मना केले आहे. हॉस्टेलातल्या 'ऑर्डर घेते, उद्या आणते' या धंद्यात नव्वद टक्के मुली नकळत हेच करत असतात.

भाचीने सूट बिलासकट सगळ्यांना वाटून दिली. कोणाला सात रुपये, कोणाला बारा. मग त्यांच्यासमोरच म्हणाली, बसच्या गर्दीत एवढे ओझे आणते, तर पुढच्या वेळेपासून मजुरी पंधरा करूया का? सगळ्या तयार झाल्या. बिल पाहिले होते ना त्यांनी. एकशे सव्वीस गुपचूप ठेवले असते तर ते एकदाच मिळाले असते. पुढच्या दोन्ही खेपांना चौदा मुलींकडून बसभाडे वजा जाता एकशे सत्तर रुपये सुटले.

मिनी ड्राफ्टरची गोष्ट राहिली. हे ड्रॉइंगचे साधन असते. बोर्डाच्या कडेला पकडून बसवायचे, पुढे कोनमापकाच्या चकतीवर काटकोनात जोडलेल्या दोन पट्ट्या. बऱ्याच शाखांना ते पहिल्या वर्षापुरतेच लागते. मग ते कपाटावर धूळ खाते आणि हॉस्टेल सोडताना मुली टाकून जातात. भाचीने मे महिन्यात सीनिअरकडून पाच ड्राफ्टर दीडशेला एक असे घेतले, साडेसातशे रुपये, ईदीचे साठवलेले. सुट्टीत खोली रिकामी करावी लागते, म्हणून पाचही पिशवीत घालून गावी नेले आणि जुलैत परत आणले. तीन महिने पैसे अडकून पडले, हे ज्यांना करायचे आहे त्यांनी आधीच धरून चालावे.

जुना ड्राफ्टर तपासायचा कसा, हे तिने मला आमच्या बैठकीत जमिनीवर बसून दाखवले. बोर्डावर घट्ट बसवून वरच्या डाव्या कोपऱ्यात एक आडवी रेषा काढायची. चकती न फिरवता ड्राफ्टर खाली उजव्या कोपऱ्यात सरकवायचा आणि तिथे दुसरी रेषा काढायची. गुण्या लावून दोन्ही समांतर आहेत का पाहायचे. नसतील तर दांड्यांचे सांधे ढिले झालेत. मग त्याच जागी उभी रेषा काढून काटकोन गुण्याने तपासायचा. तो चुकत असेल तर पट्टी वाकली आहे किंवा तिचे स्क्रू सैल आहेत. स्क्रू आवळता येतात, सांधा झिजला असेल तर काही करता येत नाही. पाचांपैकी एकाचा सांधा झिजलेला निघाला. वर घासूनपुसून तो सर्वांत चकचकीत होता. नवीन आलेल्या मुलीला तो खपवणे अगदी सोपे होते, कारण पहिल्या महिन्यात कोणालाच कळत नाही, आपली रेषा चुकली की आपला हात. भाचीने तो बाजूला ठेवला. त्याचे स्क्रू आणि क्लॅम्प बाकी चारांना सुटे भाग म्हणून कामी आले. चार ड्राफ्टर पावणेतीनशेला एक गेले, अकराशे आले, साडेतीनशे सुटले. नवे घेण्यापेक्षा मुलींना ते बरेच स्वस्त पडले. विकताना प्रत्येकीला तिने वरची तपासणी करून दाखवली आणि आठ दिवसांत रेषा हलली तर परत घेईन असे सांगितले. एक परत आला, स्क्रू आवळून पुन्हा दिला.

रेक्टर मॅडमकडे आता तीन मुलींचे असेच अर्ज आले आहेत. त्यातली एक विणकाम शिकवणार म्हणते, एक उर्दू टायपिंग. तिसरीला ड्राफ्टरचे काम हवे आहे. भाची मे महिन्यात पास होऊन बाहेर पडेल, तेव्हा शब्दांची वही आणि तपासणीची रीत ती या तिसरीला देऊन जाणार आहे. त्या बिनपैशाच्या मुलीनेच तो अर्ज केला आहे. सध्या ती दर शुक्रवारी सीनिअर मुलींच्या कपाटावर कोणाचा ड्राफ्टर धूळ खात पडलाय ते पाहत फिरते.